फिरत्या प्रदर्शनाला जुना तंबोरा देताना : स्थितीची नोंद आणि पेटीचा आराखडा

फिरत्या प्रदर्शनाला दिलेली वस्तू फक्त एकदा बांधली जात नाही. मुंबई, नागपूर, दिल्ली अशी तीन ठिकाणं असली तर घरून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत ती चार वेळा बांधली जाते आणि चार वेळा सोडली जाते, आणि दर वेळी हात वेगळे असतात. नागपूरला पेटी उघडणाऱ्या माणसाने तुमची वस्तू आधी कधी पाहिलेली नसते. तबलीवरची, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीवरची, ती बारीक चीर जुनी आहे की कालच्या प्रवासात पडली, हे त्याला सांगणारं त्या खोलीत कोणी नसतं. स्थितीची नोंद आणि पेटीचा आराखडा हे दोन्ही कागद त्या अनोळखी माणसासाठी लिहायचे. मालकाला आपली वस्तू पाठ असते, म्हणून तो स्वतःपुरतं लिहितो, आणि पुढची बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात.

उदाहरणासाठी मिरजेचा एक जुना, मोठ्या मापाचा तंबोरा घेऊ. लांबी १४० सेंटीमीटर, भोपळ्याचा व्यास सुमारे ४० सेंटीमीटर, वजन ४ किलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून घराघरांतल्या जुन्या वाद्यांची विचारणा वाढली आहे, आणि प्रवासाच्या दृष्टीने तंबोऱ्याइतकी अवघड वस्तू घरात दुसरी क्वचितच असेल. वाळवलेला भोपळा, लाकडाची दांडी आणि तबली, सरसाचे जोड, चपड्याचं पॉलिश, सेल्युलॉइडची नक्षी, आणि या सगळ्यावर तारांचा कायमचा ताण. हवा कोरडी-दमट झाली की यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या मापाने आकसतो आणि फुगतो.

आधी दोन गोष्टी ठरवून घ्या

काम प्रवासाच्या किमान सहा आठवडे आधी सुरू करा. पहिली गोष्ट म्हणजे घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तबलीवरचा तुकडा, आणि नक्षी कशाची आहे ते ओळखणं. जुन्या वाद्यांत सांबरशिंग, हाड, क्वचित हस्तिदंतही सापडतो. सांबरशिंग किंवा हस्तिदंत असेल, नुसती शंका जरी असली, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येऊ शकतो. वाद्य राज्याबाहेर नेण्याआधी वन विभागाकडे लेखी विचारणा करून ठेवा. प्रदर्शन परदेशी जाणार असेल आणि वाद्य शंभर वर्षांहून जुनं असेल, तर पुरावशेषांचा कायदाही लागू होतो. मग हे काम मालकाच्या हातात राहत नाही, आयोजक संस्थेने ते अधिकृत मार्गानेच करायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे करारात स्पष्ट लिहून घेणं की वाद्य कोणीही सुरात लावणार नाही आणि वाजवणार नाही. तंबोरा समोर दिसला की उद्घाटनाच्या दिवशी कोणाला तरी तो सुरात लावावासा वाटतो. सैल केलेल्या तारा घाईघाईने एकदम चढवल्या तर जुनी तबली खचते, आणि तसं झालं तर दोष पेटीचा नसतो. विमाही घरातल्या जागेवरून उचलल्यापासून परत त्याच जागी ठेवेपर्यंतचा असावा, फक्त गाडीतल्या वेळेपुरता नको.

स्थितीची तपासणी

टेबलावर धुतलेली मऊ चादर अंथरा. तंबोरा पाठीवर ठेवा आणि भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा, म्हणजे तो गडगडणार नाही. अंगठ्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. दिवसाच्या उजेडात एकदा सगळीकडून पाहून घ्या, मग खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात न दिसणारे पोचे, सुटलेली नक्षी आणि केसासारख्या चिरा आडव्या प्रकाशात सावली टाकतात. वाद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॉर्च सावकाश सरकवत न्या. मध्येच घोडीकडून खुंट्यांकडे उडी मारलीत तर काहीतरी राहून जातं.

डावं-उजवं कशाला म्हणायचं हे नोंदीच्या पहिल्याच ओळीत लिहा. माझी पद्धत अशी, की वाद्य उभं आहे, तबली बघणाऱ्याकडे आहे, आणि डावं-उजवं बघणाऱ्याचं. हे लिहिलं नाही तर दिल्लीचा माणूस वादकाचं उजवं धरेल आणि तुमची जुनी चीर त्याला नवी वाटेल.

आता एक नोंद जवळून पाहू. घरगुती यादीत साधारणपणे असं लिहिलेलं असतं: “तबलीवर किरकोळ चीर.” याचा पुढे कोणालाच उपयोग नाही. तीच नोंद अशी हवी: “चीर क्रमांक ३. तबली, घोडीच्या उजव्या पायाखालून सुरू होऊन खालच्या कडेकडे, लाकडाच्या रेषेला धरून. लांबी ४२ मिलिमीटर. कडा मळकट, पॉलिश चिरेच्या आत उतरलेलं. दोन्ही कडा एका पातळीत. आडव्या प्रकाशातच दिसते. फोटो ११, १२.” या नोंदीत चीर जुनी असल्याचा पुरावा आहे, कारण पॉलिश आत उतरलं म्हणजे शेवटच्या पॉलिशच्या आधीच ती पडलेली होती. ताज्या चिरेच्या कडा फिकट, स्वच्छ आणि धारदार असतात. आणि “दोन्ही कडा एका पातळीत” हे वाक्य फार मोलाचं आहे. पुढे कुठे एक कड वर आलेली दिसली, तर लांबी वाढली नसली तरी चीर हलली आहे हे लगेच कळतं.

फोटोत पट्टी ठेवायची, पण वाद्याला टेकवायची नाही. चिरेचं टोक पेन्सिलीने वाद्यावर खूण करून दाखवायचा मोह अनेकांना होतो. ती खूण फोटोच्या प्रिंटवर करा. प्रत्येक चिरेचे दोन फोटो घ्या. एकात ती वाद्यावर कुठे आहे ते कळावं, दुसऱ्यात तिची दोन्ही टोकं दिसावीत. प्रकाश कोणत्या बाजूने होता तेही लिहा, कारण नागपूरच्या माणसाला तसाच फोटो काढून शेजारी ठेवायचा आहे.

चार जागांवर जास्त वेळ द्या.

भोपळा आणि लाकूड जिथे जुळतात तो जोड सगळ्यांत आधी. जोडाच्या संपूर्ण घेरावर साध्या कागदाची कड हलकेच टेकवत फिरा. कागद कुठे आत शिरला तर तिथे सरस सुटला आहे. किती लांबीत शिरला तेही मोजा. मग बोटाच्या पेराने भोपळ्यावर अगदी हळू टिचकी मारत पुढे सरका. घट्ट भागाचा आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी तो फुटका आणि किंचित थरथरता येतो. हा आवाज एकदा कानात बसला की चुकत नाही.

दुसरी जागा घोडी. बऱ्याच तंबोऱ्यांत घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते. तारा सैल केल्या की ती सरकणार किंवा पडणार, म्हणून तारांना हात लावण्याआधीच तिची जागा तबलीच्या दोन कडांपासून मोजून लिहून ठेवा.

तिसरी जागा पांढऱ्या-काळ्या नक्षीच्या पट्ट्या. जुनं सेल्युलॉइड काळाबरोबर कुजतं. ते पिवळं पडतं, त्यात जाळीसारख्या बारीक भेगा येतात, कधी चिकटपणा येतो, आणि जवळच्या पितळी तारेवर किंवा मण्यांवर हिरवट थर दिसू लागतो. खोळ उघडताना नाकाला झोंबणारा आंबूस वास आला तर हीच शंका घ्या. असं सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. वाहतूक करणाऱ्याला तसं लेखी कळवा आणि पेटी इंजिनाच्या किंवा उन्हाच्या बाजूला ठेवू देऊ नका. पट्ट्या सुटून लोंबत असतील तर असं वाद्य प्रवासाला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दुरुस्ती करून घ्या, मग पुढचं बोला.

चौथी जागा किड्यांची भोकं. भोक दिसलं म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही. वाद्य काळ्या कागदावर ठेवा आणि तीन-चार आठवडे हलवू नका. त्या भोकांखाली फिकट, ताजी भुकटी जमली तर कीड चालू आहे. मग ही पेटी बाकीच्या वस्तूंच्या पेट्यांशेजारी जाऊ देणं आयोजकांवरही अन्याय आहे. सहा आठवडे आधी सुरुवात करायचं मुख्य कारण ही चाचणी.

शंका असेल तिथे संवर्धकाला बोलवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. वाद्याची बनावट मात्र मिरजेचा कारागीर जास्त ओळखतो. दोघांचं मत घेता आलं तर उत्तम, पण कारागिराला “नवं करून द्या” म्हणू नका. नव्याने पॉलिश केलं की चिरेच्या कडांचा तो सगळा पुरावा पुसला जातो.

तारा सैल करणं

प्रवासात तारांचा पूर्ण ताण ठेवणं धोक्याचं. पेटीला धक्का बसला की तो ताण आणि धक्का दोन्ही मिळून घोडीखाली तबलीवर पडतात. पण सगळ्या तारा एका बैठकीत सोडणंही योग्य नाही, कारण वर्षानुवर्षं त्या ताणाशी जुळवून बसलेलं लाकूड एकदम मोकळं होतं. तीन-चार दिवसांत, रोज थोडं थोडं, चारही तारा सारख्या उतरवा. तारा जागेवर राहाव्यात पण घोडीवर जवळजवळ भार नसावा, इतकं पुरे.

घोडी सैल झाली तर काढून घ्या, मऊ कापडात गुंडाळून लहान डबीत ठेवा आणि डबीवर वाद्याचा क्रमांक टाका. घोडीवर तारांखाली असणारे जवारीचे दोरे आणि तारांतले मणी मोजून त्याच डबीत. डबी त्याच पेटीत ठरलेल्या खाचेत बसली पाहिजे. वेगळ्या पाकिटात पाठवलेल्या गोष्टी शेवटच्या ठिकाणी हरवलेल्या असतात. तबली आणि सैल तारा यांच्यामध्ये स्वच्छ, बिनआम्ली कागदाची घडी सरकवा, म्हणजे हलणारी तार पॉलिशवर ओरखडा काढणार नाही.

दोन पेट्या, दोन कामं

आतली पेटी वाद्याला धरून ठेवते आणि बाहेरची पेटी धक्का झेलते. ही दोन कामं एकाच पेटीकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही नीट होत नाहीत.

आतल्या पेटीत दाट ईपीई, म्हणजे पॉलिथिलिनच्या फोमचे आकार कापायचे. भोपळ्याखाली सपाट फोम ठेवला तर सगळं वजन एका बिंदूवर येतं, आणि नेमका तो भाग पातळ असू शकतो. म्हणून फोममध्ये रुंद गोल खळगा करा. त्याच्या तळाशी थोडी पोकळी ठेवा, म्हणजे भोपळा कडेच्या रुंद कड्यावर बसेल. पुठ्ठ्याचा साचा भोपळ्याच्या पाठीला लावून, कापत-कापत जुळवला की वळण बरोबर मिळतं. दांडीसाठी दोन खोबणी करा, एक गळ्याच्या थोडी वर आणि एक खुंट्यांच्या खाली. खुंट्यांना कशाचाही स्पर्श नको. तबलीवरही काही दाबून बसता कामा नये. वरचे अडसर फक्त दांडीवर आणि भोपळ्याच्या खांद्यावर, तेही पेटी उलटली तरच टेकतील इतके.

फोमवर धुऊन खळ काढलेलं मलमल किंवा टायव्हेक या कागदासारख्या गुळगुळीत कृत्रिम कापडाचं अस्तर लावा. पॉलिशला बबल रॅप लागू देऊ नका. चपडा उष्णतेने मऊ होतो आणि उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये त्या बुडबुड्यांचे गोल ठसे पॉलिशवर कायमचे उमटतात.

आता बाहेरच्या पेटीकडे येऊ, कारण इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात. फोम जितका जास्त तितकं संरक्षण जास्त, असं वाटतं, म्हणून संपूर्ण तळ फोमने भरतात. फोम दबला तरच धक्का झेलतो. वजन फार मोठ्या पृष्ठभागावर पसरलं की तो दबतच नाही आणि फळीसारखा वागतो.

हिशोब सोपा आहे. वाद्यासकट आतली पेटी २० किलोची, तळ १५५ × ५२ सेंटीमीटर. म्हणजे क्षेत्र सुमारे ८,००० चौरस सेंटीमीटर. पूर्ण तळ भरला तर दर चौरस सेंटीमीटरवर फक्त अडीच ग्रॅम भार येतो. घनमीटरला ३५ किलो घनतेचा, ५ सेंटीमीटर जाडीचा पॉलिथिलिन फोम दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४० ते ६० ग्रॅम भार असला की नीट काम करतो. मध्यावरचा आकडा ५० धरला तर २०,००० भागिले ५०, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर फोम लागतो. चार कोपऱ्यांत १० × १० सेंटीमीटरचे चार ठोकळे, बस्स. दुसऱ्या घनतेचा किंवा जाडीचा फोम असेल तर किती भाराला तो धक्का नीट झेलतो हे दाखवणारा आलेख उत्पादकाकडून मागून घ्या आणि तो आकडा वापरा. हाच हिशोब सहाही बाजूंना करायचा, कारण पेटी आडवी पडली की तिची कूस तळ बनते. ठोकळे उंच आणि बारीकही नकोत, नाहीतर ते दबण्याऐवजी कलंडतात. १० × १० च्या ठोकळ्याला ५ सेंटीमीटर जाडी अगदी सुरक्षित आहे.

बाहेरची पेटी १२ मिलिमीटर प्लायची, आतून पट्ट्या मारून मजबूत केलेली. झाकण खिळ्यांनी बंद करू नका, बोल्टने करा. खिळे उपटताना बसणारे हिसके वाद्यापर्यंत पोचतात, आणि तिसऱ्या उघडझापेला लाकूड खिळा धरत नाही. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी, तळाला जमिनीपासून दहा सेंटीमीटर उचलणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि चार मुठी. पूर्ण पेटी साठ किलोच्या आसपास जाईल. हे वजन पाहून घाबरू नका. हलकी पेटी एकटा माणूस खांद्यावर घेतो आणि खांद्यावरून टाकतो. चौघांनी उचललेली पेटी गुडघ्याच्या उंचीवरूनच खाली येते.

हवा

तंबोरा सप्टेंबरच्या दमट मुंबईतून जानेवारीत दिल्लीच्या हीटर लावलेल्या दालनात जातो. लाकूड रेषेला आडवं आकसतं, दांडी आणि भोपळा आपापल्या मापाने आकसतात, आणि तोडगा निघतो तो सरसाच्या जोडात किंवा तबलीच्या चिरेत. आयोजकांकडून दालनाच्या आर्द्रतेचा लेखी आकडा घ्या. माझ्या मते असं वाद्य ४५ ते ६० टक्क्यांच्या आत राहावं, आणि एका दिवसात मोठा चढउतार नसावा. तेवढं जमत नसेल तर त्या एका ठिकाणासाठी वाद्य न देणं बरं.

पेटीत फोम, कापड, कागद आणि खुद्द लाकूड भरपूर असतं, त्यामुळे घट्ट बंद पेटी आतली आर्द्रता काही दिवस बऱ्यापैकी टिकवते. पण म्हणूनच बांधताना जी हवा आत कोंडली तीच प्रवासभर राहते. पेटी, फोम आणि अस्तर वाद्याच्याच खोलीत आठवडाभर आधी आणून ठेवा. पावसात गोदामातून आणलेल्या ओल्या प्लायमध्ये त्याच दिवशी वाद्य बांधलं, तर रात्री गाडी थंड झाल्यावर आत दव धरतं. आतल्या पेटीत आर्द्रता-तापमानाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र टाका. ते स्वस्तात मिळतं आणि काही बिघडलं तर कोणत्या टप्प्यात बिघडलं ते सांगतं.

मुक्कामाला पोचल्यावर पेटी २४ तास न उघडता दालनात राहू द्या. हे पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण उशिरा पोचलेल्या गाडीनंतर सगळ्यांनाच घाई असते. सेल्युलॉइड असलेलं वाद्य मात्र प्रदर्शनाच्या काळात रिकामा वेळ मिळाला म्हणून बंद पेटीत साठवू नका. त्यातून निघणारे आम्लाचे वायू कोंडले की तेच सेल्युलॉइडला आणखी वेगाने कुजवतात.

आराखड्याचा कागद

आराखडा झाकणाच्या आतल्या बाजूला पारदर्शक पाकिटात चिकटवा, म्हणजे पेटी उघडताच पहिला तोच दिसेल. त्यात शब्द कमी आणि फोटो जास्त. पहिल्या फोटोत बंद पेटी आणि बोल्टचा आकार. पुढे एकेक थर काढल्यावर काय दिसतं ते. फोमच्या प्रत्येक सुट्या तुकड्यावर क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण, तोच क्रमांक फोटोवर. तंबोरा उचलायला दोन माणसं, एकाचे दोन्ही हात भोपळ्याखाली, दुसऱ्याचे दांडीखाली, खुंट्यांना कोणी धरायचं नाही, हेही फोटोतच दाखवा. कागद इंग्रजी, हिंदी आणि मराठीत असावा, कारण पेटी उघडणारा बहुधा हमाल किंवा सुतार असतो, संग्रहालयाचा अधिकारी नसतो.

पाठवण्याआधी एक तालीम करा. ज्याने पेटी पाहिलेली नाही अशा माणसाच्या हातात फक्त हा कागद द्या आणि पेटी सोडून परत बांधायला सांगा. वाद्याच्या जागी आधी त्याच वजनाचा, चादरीत गुंडाळलेला तांदळाचा लांबट गठ्ठा ठेवा. तो जिथे थांबून तुमच्याकडे पाहील तिथे एक फोटो कमी आहे.

प्रत्येक मुक्कामाला

नोंदीचा तोच कागद पेटीसोबत फिरतो. उघडल्यावर आणि परत बांधण्याआधी, दोन्ही वेळा प्रत्येक चीर पुन्हा मोजायची. तारीख, आर्द्रता आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. “ठीक आहे” असा शेरा चालणार नाही, आकडा हवा.

समजा दिल्लीला चीर क्रमांक ३ ची लांबी ४२ ऐवजी ४६ मिलिमीटर भरली, आणि कडा फिकट दिसल्या. मूळ फोटो शेजारी ठेवले की कळतं की मधले ४ मिलिमीटर नवे आहेत. यंत्राच्या नोंदीत गाडीतले दिवस स्थिर आणि दालनातले पहिले तीन दिवस घसरते असतील, तर कारण दालनाची कोरडी हवा, वाहतूकदार नव्हे. अशा वेळी कोणी काय करायचं ते करारातच लिहून ठेवलेलं असावं: वाद्य लगेच मांडणीतून काढायचं, मालकाला त्याच दिवशी फोटो पाठवायचे, मालकाच्या लेखी होकाराशिवाय सरस किंवा मेण लावायचं नाही. दमट हवेत परत आल्यावर चीर मिटल्यासारखी दिसते. ती भरलेली नसते, त्यामुळे नोंदीतला ४६ हा आकडा पुन्हा ४२ करू नका.

घरी परत आल्यावरही २४ तास थांबा, मग सगळ्या चिरा त्याच क्रमाने तपासून शेवटची सही करा. या सहीआधी विम्याचा दावा सोडू नका. जोडावर कागदाची कड पुन्हा फिरवा. घोडी मोजलेल्या जागी ठेवून तारा पुन्हा चार-पाच दिवसांत चढवा, आणि रोज चढवण्याआधी तबलीवर टॉर्च आडवी धरून पाहा.